छाटलेली ओळ

साबणवाली वहिनी हट्टी बाई. दालचिनीच्या तेलाने काहींच्या कातडीची आग होते, म्हणून प्रत्येक वडीच्या कागदी पट्टीवर त्या तेलाचं नाव आणि सावधगिरीची सूचना ती ठळक छापायची. मागच्या बाजाराला ती आजारी पडली, तेव्हा धाकट्या दिराने कात्री घेऊन तेवढी ओळच छाटली. “गिऱ्हाईक बिचकतं!”

आज एक दांडगा माणूस आला आणि त्याने दुकानाची फळीच उलथली. साबण, मेणबत्त्या विखुरल्या, अत्तराच्या बाटल्या खळ्ळकन फुटल्या.

“माझी बायको वाचूनच घेते रे! तिला दालचिनी चालत नाही! आता दवाखान्यात पडलीय!” दिराची मानगूट धरून त्याने त्याचं तोंड खांबावर आपटलं. दात पडला, रक्ताची चिळकांडी उडाली.

“वहिनी, वाचवा!”

वहिनी मध्ये घुसली. दुसरा ठोसा तिच्या भुवईवर बसला.

“साबण माझा आहे, मला मार,” डोळ्यावर ओघळणारं रक्त पुसत ती म्हणाली. “पण आधी दवाखाना दाखव. त्यात काय काय घातलंय, ते डॉक्टरांना सांगायला हवं.”

त्या माणसाची मूठ सैल पडली.

निघताना तिने दिराकडे वळून पाहिलं. “रडू नकोस. ओळ छाटून विकलेली एकेक वडी माघारी आण. दारोदार फिर!”