सहा पानांत एकच गोष्ट

वसुमतीअक्का मजकूर हातात घेतात तेव्हा आधी चष्मा पुसतात, मग पेन्सिलीला टोक काढतात आणि मगच वाचायला बसतात. जन्म बेंगळूरच्या चामराजपेटेतला. पूर्वज इथे कधी आले ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि नोकरीची सगळी वर्षे एका कन्नड प्रकाशनात दुसऱ्यांची पुस्तके तपासण्यात गेली. आता पेटेतल्या मराठी मंडळाची स्मरणिका त्यांच्या हाताखालून जाते.

त्यांची रीत एकच. परिच्छेद वाचून झाला की तो काय सांगतो ते शेजारच्या कोऱ्या जागेत चार शब्दांत लिहायचे. त्या म्हणतात, "गाडी लांबून सारखीच दिसते. भरून आली की रिकामी, ते माल उतरवल्यावरच कळतं."

यंदा हंबीररावांचा लेख आला. हंबीरराव मंडळाचे जुने सभासद. लेख त्यांच्या थोरल्या भावावर, श्रीहरीअण्णांवर होता. श्रीहरीअण्णा पेटेत शिंपीकाम करीत आणि दुकानाच्या मागल्या खोलीत त्यांनी मराठी वाचनालय चालवले होते. ते वारले, दुकान विकले गेले, तिथे आता मोबाइलची काच बदलून मिळते. त्या वाचनालयाबद्दल कुठे एक ओळ छापलेली नाही. हा लेख वगळला गेला असता तर श्रीहरीअण्णा दुसऱ्यांदा गेले असते, आणि या वेळी कुणाला कळलेही नसते.

स्मरणिकेची पाने जुळवायचे काम निहारकडे होते. तो नागपूरचा, बेंगळूरच्याच एचएसआर लेआउट भागात नोकरीला. मंडळाच्या खोलीत शनिवारी दुपारी त्याने तो लेख अक्कांपुढे सरकवला.

"अक्का, हा मशीननं लिहिलेला आहे. शंभर टक्के. मशीनचं लिखाण ओळखणाऱ्या एका साइटवर टाकून पण पाहिला. ड्रॉप करून टाकू. समितीपण तेच म्हणतेय."

"साइट काय म्हणते ते राहू दे. मागच्या वर्षी तिनं माझ्याच संपादकीयाला मशीन ठरवलं होतं ना?"

निहार हसला. "हो, ते एक झालं होतं."

अक्का वाचू लागल्या. भाषा गुळगुळीत होती, चुकीला जागा नव्हती. पहिल्या परिच्छेदाशेजारी त्यांनी लिहिले: समाजासाठी झटले. दुसऱ्यापाशी: वाचनाची गोडी लावली. तिसऱ्यापाशी पेन्सिल थांबली, मग लिहिले: समाजासाठी झटले. पुढे कुठे दीपस्तंभ आला, कुठे वटवृक्ष, कुठे ज्ञानाची गंगा. पण माल उतरवावा तर निघे तेच. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि संध्याकाळी असतो तिथेच असतो, तशी ती सहा पाने चालली होती.

मग त्यांनी मधल्या एका परिच्छेदावर तळहात ठेवला. "आता वाच. काही तुटलं?"

"नाही."

"दुसरा आणि पाचवा अदलाबदल कर."

निहारने करून पाहिले. "काहीच फरक पडत नाही. म्हणजे मी बरोबर. मशीन."

"खूण आहे, पुरावा नाही. माणसंही असं लिहितात रे. सेवानिवृत्तीची भाषणं ऐकली नाहीस? आणि फिरून फिरून येणं म्हणजे दोषच असंही नाही. आरतीचं धृपद परत येतंच की. पण ते दर वेळी नवीन कडवं सोबत घेऊन येतं. इथं कडवंच नाही." त्यांनी पाने गोळा केली. "ड्रॉप करू नको. मी त्यांना भेटून येते."

"मीपण येतो. पण ते मान्य नाही करणार हं."

"मान्य करवायला कोण चाललंय?"

हंबीरराव घरीच होते. कॉफी आली. अक्कांनी मशीनचा शब्दही काढला नाही. पाने पुढे ठेवली आणि लेखातल्या एका ओळीवर बोट ठेवले.

"हंबीरअण्णा, इथं लिहिलंय, श्रीहरीअण्णांनी गरजूंना मदत केली. पुढल्या पानावर तेच. शेवटीही तेच. कुणाला केली? एकाचं नाव सांगा की."

हंबीररावांचा चेहरा ताठ झाला. "म्हणजे मी खोटं लिहिलं म्हणता काय अक्का?"

"खोटं नाही. पण अण्णा यात दिसत नाहीत हो मला. मी त्यांच्याकडून पोलकी शिवून घेतलेली आहेत. ते कुठे गेले?"

हंबीरराव पाने उलटत राहिले. जणू भाऊ कुठल्यातरी ओळीमागे असेल आणि सापडेल. मग त्यांनी पाने खाली ठेवली.

"मी कन्नड शाळेत शिकलो अक्का. बोलतो मराठी, लिहायला गेलो की हात अडतो. तुमच्या मंडळात आता सगळे पुण्याचे, नागपूरचे. हसतील म्हणून भीती. नातीनं मोबाइलवर करून दिलं. मी चार ओळी सांगितल्या. म्हटलं, मोठा माणूस होता, सहा पानं तरी पाहिजेत."

निहार एकदम म्हणाला, "काका, चार ओळींत सहा पानं! ते तरी दुसरं काय करणार? त्याच चार ओळी फिरवत बसलं बिचारं."

"हां रे. मूठभर पीठ आणि घागरभर पाणी," हंबीरराव म्हणाले, आणि स्वतःच हसले.

"मग पीठ आणा," अक्का म्हणाल्या. "लिहू नका. सांगा. कन्नड आलं तर येऊ दे."

हंबीरराव बोलू लागले. बेळगावचा पेपर बसने यायचा, एक दिवस शिळा, गुंडाळी झालेला. श्रीहरीअण्णा त्याच्यावर कोळशाची इस्त्री फिरवायचे, "स्वल्प थांबा, गरम आहे" म्हणत वाचकाच्या हातात द्यायचे. महिन्याचे पेपर साठले की त्यांवरच पँटींचे माप आखून कापायचे. पण ज्या पानावर कुणाच्या निधनाची बातमी असेल, त्याला कात्री लावायची नाही. ती पाने वेगळी दोरीला टांगलेली असत. वासुदेव नावाचा मार्केटातला हमाल रोज यायचा, वाचता येत नसताना. अण्णा त्याला शिव्या द्यायचे आणि वाचूनही दाखवायचे.

"शिव्या लिहायच्या नाहीत हं," हंबीरराव घाबरून म्हणाले.

"शिव्या आहेत म्हणूनच मला अण्णा दिसले," अक्का म्हणाल्या.

निहारने सगळे मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले, घरी जाऊन शब्दाला शब्द टंकून काढले. अक्कांनी विरामचिन्हे घातली, दोन ठिकाणी क्रम लावला, इतकेच. मजकूर दीड पान भरला. त्यात "पेपर आला का?" हे वाक्य सारखे येत होते. निहारने विचारले, "अक्का, हे रिपिटेशन काढू?"

"कोण विचारतंय ते बघ."

निहारने पाहिले. पहिल्यांदा विचारत होता हमाल. मग एक म्हातारा, ज्याचा मुलगा सैन्यात होता. शेवटी श्रीहरीअण्णा स्वतः, आजारपणात, खाटेवरून. त्याने वाक्य तसेच ठेवले.

समितीने दीड पान वाचले. लेख मंजूर झाला. छपाईआधीचे पान घेऊन अक्का हंबीररावांकडे गेल्या, निहारही सोबत होता. हंबीररावांनी ओठ हलवत ते सावकाश वाचले.

"सहा पानांचं दीड झालं, अक्का."

"कमी वाटतं?"

"तसं नाही. सरी आहे, बरोबर आहे." त्यांनी बोट एका ओळीवर टेकवले. "फक्त इथं एक राहिलं. त्या टांगलेल्या पानांचं अण्णा शेवटी काय करायचे, ते मी सांगितलंच नाही."

अक्कांनी पेन्सिल काढली. निहार खुर्ची ओढून जवळ बसला.