ओव्याने न शमलेला वात

“काकूच्या पोटातले मूल पाचवा महिना सरत आला तरी निपचित होते. आजीने काढा पाजला आणि त्याच घटकेला ते हलले.” माझा पुतण्या प्रत्येक पंगतीत हे सांगतो. तो स्वतः त्या दिवशी आपल्या आईच्या पोटात होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. तेव्हा कोणाचे ऐकायचे, ते वाचणाऱ्याने ठरवावे.

वहिनीला आणि माझ्या पत्नीला एकाच महिन्यात दिवस गेले होते. वहिनीची ती तिसरी खेप. तिला चौथ्यातच हालचाल कळली. माझ्या पत्नीची पहिलीच. पण आमच्या घरात दोघींना एकच माप लावले गेले. रत्नागिरीच्या उन्हाळ्यात, फणस चिरता चिरता, आई रोज विचारी, “काय गं, लाथ मारतंय का?” पत्नी खरे तेच सांगे, “नाही.” पाचव्याची ओटी त्या ‘नाही’पायी लांबणीवर पडली. शेवटी आईने सुईणीला बोलावले. तिने पोट चाचपले आणि आईच्या कानाशी लागली. मेलेले मूल अंगात राहिले तर बाईही जाते. काढा देऊन मोकळी करावी, असे ठरले.

मी म्हणालो, “आई, थोडे थांबू.”

“बायकांच्या कामात तुझं काय रे? कचेरीत जा!”

मी गेलो नाही. काढा उकळत होता. पत्नी भिंतीला टेकून निःशब्द रडत होती. वहिनी तिच्याजवळ बसली, आणि एकाएकी स्वतःच्या ओटीपोटावर हात ठेवून हसली. “मेला, याला आत्ताच सुचतंय!”

“कसं हो कळतं, जाऊबाई?”

“अगं, लाथ कुठली एवढ्यात? पाण्यात बारक्या माशानं शेपूट हलवावी, बुडबुडा फुटावा, तसं. असतं आणि नसतं.”

पत्नीचे रडणे थांबले. “खाली? बेंबीच्या खाली?”

“हो.”

“निजले की जास्त?”

“हो गं.”

“मग ते मला कधीपासून होतंय! मी वात समजून ओवा खात्येय. तरी जात नाही.”

सुईण म्हणाली, “पहिलटकरणीला वाटतं तसं,” आणि चुलीतले लाकूड मागे ओढले. पुढे लेक जन्मली तेव्हा आईनेच काढ्याची कथा रचली. चूक पदरात घेण्यापेक्षा श्रेय घेणे सोपे. तीच कथा पुतण्या चालवतो, आणि परवा एका नातसुनेसाठी तसला काढा मांडायची भाषा घरात झाली, म्हणून हे लिहावे लागले.

काढ्याने मूल हलले म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो: तो काढा कोणी प्यालाच नाही. भांडे मी उचलले आणि परसातल्या माडाच्या आळ्यात ओतले.