‘चाळले’ म्हणजे काय

आमच्या ऑफिसात तिला ‘गाळणीबाई’ म्हणत. कितीही लांबलचक पीपीटी तिच्यापुढे टाका, दोन पानांत सार काढून देणार. नाव मीच पाडलं होतं. ती माझ्याच शेजारच्या टेबलावर बसायची.

तिची पद्धत पक्की होती. पन्नास पन्नास स्लाइडचा एक टप्पा करायचा आणि प्रत्येक टप्प्याचं अर्ध्या पानाचं टिपण. शेवटी सगळ्या टिपणांचा मिळून सारांश, आणि त्याखाली एक छोटा तक्ता: कुठल्या स्लाइड वाचल्या, कुठल्या वरवर पाहिल्या, कुठल्या राहिल्या. मी चिडवायचो, “बाई, स्वतःच्याच चुकांची यादी कोण देतं?” ती म्हणायची, “साहेबांना कळायला नको, कुठे डोळे उघडे ठेवायचे ते?”

पण एकदा सगळ्यांदेखत साहेबांनी तो तक्ता वाचला आणि हसून म्हणाले, “वरवर पाहायला मलाही येतं की!” सगळे हसले. मीही हसलो, हे सांगायला मला आज लाज वाटते. ती मात्र कानापर्यंत लाल झाली.

पुढच्याच महिन्यात नव्या इमारतीची पीपीटी आली. तीनशे बारा स्लाइड. कुठला विभाग कुठल्या मजल्यावर, ते सगळं त्यात होतं. गुरुवारी चार वाजता सारांश हवा होता. चार टप्पे तिने नीट वाचले. पाचव्यात नुसते नकाशे आणि मुंगीएवढ्या अक्षरांचे तक्ते. दोन वाजून गेले होते. दोनशे एक ते दोनशे पन्नास तिने भराभर पुढे सरकवल्या. मग खाली तक्ता भरताना तिचा हात थांबला. ‘वरवर पाहिल्या’ लिहायची हिंमत होईना. तिने लिहिलं, ‘चाळल्या’.

शब्द खोटा नव्हता. पुस्तक चाळतो म्हणजे नुसती पानं उलटतो. पण पीठही चाळतोच, आणि त्यात खडा राहत नाही. साहेब दुसरा अर्थ घेणार हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर तिने तो शब्द निवडला.

दोनशे एकतिसाव्या स्लाइडच्या तळाला एक टीप होती: लिफ्ट बांधकामाच्या दुसऱ्या टप्प्यात, दीड वर्षाने, तोवर तिसऱ्या मजल्यासाठी जिना. टिपणात ती आली नाही, मग सारांशात येणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! रेकॉर्ड विभाग तिसऱ्या मजल्यावर, असं बैठकीत ठरून गेलं.

आमचे रेकॉर्डवाले काका कुबडी घेऊन चालतात.

स्थलांतराच्या तिसऱ्या दिवशी ती जिन्यात थबकली. काका दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला टेकून दम घेत होते. तिने विचारलं, “काका, तुम्ही तक्रार का नाही केली?”

“कशाला? तुमचा सारांश माझ्याकडेच फाइल होतो ना. त्यात ‘चाळल्या’ असं लिहिलंय. म्हटलं, बाईंनी चाळलंय म्हणजे लिफ्टचं त्यांनी पाहिलंच असणार. विचार करूनच ठरलं असेल.”

ती तशीच खाली आली आणि जुनी पीपीटी उघडून बसली. स्लाइड सापडली तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, “मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.” यावर काय चिडवणार?

मग ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं. “साहेब, त्या पन्नास स्लाइड मी वाचल्या नव्हत्या. हसाल म्हणून शब्द बदलला.” साहेबांनी फोन उचलला. सोमवारी भांडार वर गेलं आणि रेकॉर्ड तळमजल्यावर आलं.

काका मुद्दाम आमच्या टेबलापाशी आले. “बाई, तुमच्यामुळे खाली आलो. उपकार झाले.”

मला वाटलं, आता ती मान हलवून विषय संपवेल. मी असतो तर तेच केलं असतं.

“काका, माझ्यामुळेच वर गेला होतात,” ती म्हणाली, आणि सगळं सांगून मोकळी झाली. अगदी तो शब्द का निवडला तेही.

काकांचा चेहरा हळूहळू उतरला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते वळले, कुबडी टेकत आपल्या खोलीत गेले आणि फाइल घेऊन परत आले. तिचा सारांश उघडून त्यांनी समोर ठेवला.

“नोंद दुरुस्त करा.”

तिने ‘चाळल्या’वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘वाचल्या नाहीत’.

“सही,” काका म्हणाले. “आणि तारीख आजची घाला. त्या गुरुवारची नको.”