पोट नव्हे, पाणीही नव्हे

आमच्या घरात पाणी या शब्दाला एक जास्तीचा अर्थ होता. तो आम्हा नवरा-बायकोलाच ठाऊक.

धाकटा काही महिन्यांचा असताना त्याच्या लघवीच्या जागेखालची पिशवी एका बाजूनं फुगली. सकाळी बारीक असायची, दिवसभर खेळून रडून संध्याकाळ झाली की टम्म. पोर मात्र मजेत. मी हळूच बोट लावलं तरी खिदळायचं. मीच रडकुंडीला आले होते. शेवटी त्याला परभणीला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खिडकीचा पडदा ओढला, खोलीत अंधार केला आणि सुजेच्या मागून छोटा टॉर्च धरला. ती पिशवी आतून लालसर उजळली. उजेडासमोर तळहात धरला की बोटांच्या कडा दिसतात ना, तशी. इतकं सुंदर काही मी अशा जागी बघेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

"आत नुसतं पाणी आहे," डॉक्टर म्हणाले. "पोटातून खाली येणारी वाट जन्मताना पूर्ण बंद झाली नाही, त्यातून झिरपतंय. दुखत नाही ना? मग घाई नको. बहुतेक पोरांचं दोन वर्षांच्या आत आपसूक जातं. नाही गेलं तर बघू."

पोरगं चालायला लागलं आणि ते पाणी गेलंही. शब्द तेवढा घरात राहिला. धाकट्याला आंघोळ घालताना नवरा बाहेरून विचारायचा, "पाणी हाय का?" आणि मी आतून म्हणायची, "न्हाई." शेजारणीला वाटायचं, नळाचं चाललंय.

थोरल्याचं असं काही बोलायची सोयच उरली नव्हती. तेराव्या वर्षात गेल्यापासून तो माझ्यासमोर बनियनसुद्धा बदलत नसे. आंघोळीला गेला की आतून कडी, वर दाराला बादली टेकवलेली. मी चिडवायची, "खजिना हाय का रं आत?" तो तोंड फुगवून निघून जायचा. मला त्याचं हसूही यायचं आणि कुठंतरी वाईटही वाटायचं, की ज्या पोराला मी पायावर घेऊन न्हाऊ घातलं त्याच्या आणि माझ्यामध्ये आता एक दार आहे.

हे घडलं ते हुरड्याच्या दिवसांत. आमचं शेत झरीच्या शिवारात. आदल्या रात्री दोन्ही पोरं बापाबरोबर शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याजवळच्या खोपीत, झोपायला गेली होती. मी सकाळी चहाची किटली घेऊन गेले तेव्हा धुकं असं होतं की ज्वारीची कणसं नुसती हवेत टांगल्यासारखी दिसत होती, खाली धाटंच नाहीत. आगटीचा धूर धुक्यात मिसळून गेला होता. धाकट्याचा आवाज ऐकू यायचा, पोरगं दिसायचं नाही. मला तर वाटलं, मी अजून घरी झोपलेलीच आहे.

थोरला आगटीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. हुरड्याला हात लावला नव्हता.

"काय व्हायलंय रं?"

"पोट दुखायलंय."

मी ओवा चावायला दिला. त्यानं तो चावला आणि जरा वेळानं ओकला. मी म्हटलं, हरभऱ्याचे हिरवे घाटे खाल्ले असतील दाबून, अजून काय. पाठ चोळायला गेले तर अंग चोरलं. धुकं वर उचलायला लागलं तेव्हा तो उठला, आणि त्याचं चालणं मला दिसलं. दोन्ही पाय फाकवून, कमरेत वाकून, एकेक पाऊल विचार करून टाकत होता. पोट दुखणारं माणूस असं चालत नाही.

मी नवऱ्याला खूण केली. "तुमी बघा जरा. मला न्हाई दाखवायचा."

दोघं गोठ्यामागं गेले. नवरा परत आला तो चक्क हसतच.

"काई न्हाई. धाकट्यासारखंच पाणी आलंय. एका बाजूला सुजलंय. मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं म्या, लालसर दिसायलंय कडंनी."

माझा जीव भांड्यात पडला. खरंच पडला. पाणी म्हणजे आमच्या घरात न घाबरायची गोष्ट. मी कपात चहा ओतायलासुद्धा घेतला. सूर्य नुकता दिसायला लागला होता, ज्वारीच्या पानांवरचं दव चमकत होतं, सगळं कसं निवांत वाटत होतं. त्या क्षणात मी अजून थोडी राहिले असते तर काय झालं असतं, हा विचार मला आजही सोसत नाही.

"हात लावू दिला का त्यानं?" मी विचारलं. सहज विचारलं.

"कुठला लावू देतो! बोट टेकवलं तर किंचाळला ना."

कप माझ्या हातातच राहिला. धाकटा खिदळायचा. ती सूज हळूहळू यायची, जायची, पोराला तिचा पत्ताही नसायचा. आणि हा रात्री धडधाकट झोपलेला पोरगा आता ओकत होता, वाकून चालत होता.

"मग हे पाणी न्हाई," मी म्हणाले.

"अगं, टॉर्चमधी दिसलं म्हणलो की."

"दिसू द्या. तुमचा टॉर्च ठेवा खिशात आन् गाडी बघा. परभणीला न्यायचं, आत्ताच्या आत्ता."

"उद्या नेऊ की. आज माणसं यायलेत हुरड्याला."

"माणसं हुरडा खातील. तुमी उठा!"

माझा आवाज चढला की नवरा वाद घालत नाही, हा त्याचा मोठा गुण. शेजारच्या शेतात भाजी भरायला छोटा हत्ती टेम्पो उभा होता, तोच घेतला. धाकट्याला शेजाऱ्याकडे ठेवलं. मागच्या हौद्यात गोधडी अंथरली, थोरल्याला कुशीवर निजवलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. जिंतूर रोड लागला. कापसाची वेचून झालेली रानं मागं सरकत होती, बाभळी, एखादा मेंढरांचा कळप, पुन्हा रानं. ऊन तोंडावर येत होतं आणि धुक्याचे तुकडे अजून ओढ्यापाशी लोळत होते. किती वर्षांनी हे डोकं माझ्या मांडीवर आलं होतं. मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीतही त्याच्या केसांचा धुराचा वास हुंगावासा वाटत होता.

"आई," तो डोळे मिटूनच म्हणाला, "पोट न्हाई गं."

"कळलंय मला."

"काय म्हणावं तेच कळंना मला."

त्याला काय म्हणायचं ते मी तरी कुठं शिकवलं होतं? घरात त्या जागेला शब्दच नव्हता. होत्या त्या शिव्या, आणि त्या आईसमोर कशा द्यायच्या?

"कवापासून?"

"उजाडताना उठलो तवा एकदम कळ आली. जाग आली ती कळीनंच."

परभणीच्या मोठ्या दवाखान्यात तरुण सर्जन होते. त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, कधीपासून. मी सांगितलं तसे ते झटकन उठले. त्यांनी पोराच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटानं हलकी रेघ ओढली, एकदा चांगल्या बाजूला, एकदा दुखऱ्या. "चांगल्या बाजूची गोटी वर उचलली गेली, बघा," ते नवऱ्याला म्हणाले. "ही हललीच नाही. आणि ही वर चढून आडवी झालीय."

गोटी. किती सरळ शब्द. डॉक्टरांच्या तोंडून तो आला तेव्हा थोरल्यानं डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं.

"पण सायेब, टॉर्चमधी पाणी दिसलं," नवरा म्हणाला.

"असेल. पिळलेल्या गोटीभोवतीही पाणी जमतं. टॉर्चला विचारायचं नसतं, दुखण्याला विचारायचं." त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरचा गमछा ओढून घेतला आणि त्याला पीळ घातला. "गोटी अशा दोरीला लटकलेली असते. रक्त याच दोरीतून जातं. ती फिरली, रक्त बंद. सहा तासांच्या आत सोडवली तर बहुतेक वाचते. पुढे एकेक तास अवघड. सोनोग्राफीची रांग लावण्यात वेळ घालवत नाही मी, उघडूनच बघतो. जिवंत असेल तर टाके घालून जागेवर बसवतो, दुसरीही बसवतो, म्हणजे ती फिरायला नको. काळी पडली असेल तर काढावी लागेल. सही करा."

मी मनात तास मोजायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. नवऱ्यानं सही केली. तो गमछा तसाच पीळ पडलेला हातात धरून उभा होता. सिस्टर आली, पोराच्या कमरेचा करदोटा कात्रीनं कापला आणि माझ्या हातात दिला. घरात कुणी कापू दिला नसता. मी मुकाट्यानं पिशवीत टाकला.

मग दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर ऊन येत होतं, जाळीतून गाळलेलं, आणि फरशीवर हळूहळू सरकत होतं. कुणीतरी डबा उघडला, मेथीचा वास आला. माझा डोळा लागला असावा, कारण मला धाकटा तान्हा दिसला, मग थोरला तान्हा, मग दोघं एकच झाले आणि मी त्याला न्हाऊ घालत होते आणि पाणी संपतच नव्हतं. जागी झाले तेव्हा नवरा माझ्या शेजारी बसून रडत होता. आवाज न करता, गमछा तोंडावर घेऊन. "म्या हसत आलो गं गोठ्यामागून," तो म्हणाला. मी त्याचा हात धरला. दवाखान्यात, चारचौघांत. आमच्याकडे असं करत नाहीत.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. "निळी पडली होती. पीळ सोडवला, गरम ओल्या कपड्यात गुंडाळली आणि वाट बघत बसलो. बराच वेळ काही नाही. मग कडेनं रंग यायला लागला. ठेवलीय. पुढचे काही महिने दाखवत राहा, बारीक होत नाही ना ते बघू. पण आज वाचलीय."

त्याला वॉर्डात आणलं तेव्हा तो अर्धवट गुंगीत होता. दोन्ही बाजूंना खाटा, खाटांभोवती नातेवाईक, सगळ्यांचे कान आमच्याकडे. नवऱ्यानं पांघरूण सारखं केलं. पोराचे ओठ हलले. मी कान जवळ नेला, पण गुंगीतल्या माणसाला आवाजाचा अंदाज नसतो, तो चांगला मोठ्यानं बोलला.

"आई, गोट्या किती हायेत?"

पलीकडच्या खाटेवरची बाई हसली. मला लाजायला हवं होतं.

"दोन," मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. "दोन्ही गोट्या हायेत, बाळा. दोन्ही."