काठाशी आलेला हेवा

बुटकीचा फोन ठेवल्यावर मातीवालीने कुंभाराच्या चाकावरचा ओला मग उचलला आणि मातीच्या बादलीत दाणकन टाकला. चांगला झाला होता तो. गल्लीत सगळे तिला मातीवाली म्हणत, कारण तिच्या दाराच्या कडीला कायम ओली माती लागलेली असे. त्या दिवशी तर ती कपाळालाही लागली होती.

बुटकी आणि ती एकाच कारखान्यात, शेजारशेजारच्या चाकांवर भांडी करायला शिकल्या. आता बुटकीच्या भांड्यांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि माहितीपत्रकात एक पान मैत्रिणीचं हवं होतं. बुटकी म्हणाली, तूच लिही, आणि काय वाटतं ते खरं लिही. पान दुसऱ्या दिवशी छापायला जायचं होतं. नाही म्हणावं तर जळते असं दिसणार आणि हो म्हणावं तर जळत जळत लिहायचं. काय हिंमत म्हणायची बाईची.

रागारागाने तिने पान भरलं. असामान्य प्रतिभा, अथक साधना, मातीशी अद्वैत. भाजी निवडत बसलेल्या नणंदेने ते वाचलं आणि विचारलं, "वहिनी, बुटकी गेली की काय?"

मग तिने मनातलं लिहिलं, म्हणजे तिला तसं वाटलं. बुटकीला घरची काळजी नव्हती, हे तिने कौतुकाच्या वाक्यात बसवलं. 'नशिबाने साथ दिली' असं लिहिलं. सुरुवातीची भांडी जास्त प्रामाणिक होती, असंही. एकही शब्द उघड वाईट नव्हता. नणंद या वेळी हसली नाही. "हे वाचून मला बुटकी नाही, तूच नकोशी वाटलीस," ती म्हणाली आणि भाजी घेऊन आत गेली.

मातीवालीचा संताप अनावर झाला, कारण नणंद बरोबर होती. तिने तिसरं पान सुरू केलं, मी किती क्षुद्र, मी कशी मागे राहिले. निम्म्यावर तिलाच शिसारी आली. बुटकीच्या पानावर ही स्वतःच पसरून बसली होती.

शेवटी ती फळीवरचा बुटकीचा वाडगा घेऊन उजेडात गेली. खोट काढायलाच गेली होती, हे सांगायला हवं. एक खोट सापडली असती, तर तिला उपकार वाटले असते. तिने अंगठा आत आणि बोट बाहेर ठेवून भिंत तळापासून वर चाचपली. भिंत पापडासारखी पातळ, सगळीकडे सारखी. आणि अगदी काठाशी बोट अडखळलं. तिथे माती किंचित जाड ठेवून दाबून बसवली होती. डोळ्यांना दिसत नव्हतं.

म्हणून तो भट्टीत वाकडा होत नाही.

तिचे पातळ वाडगे दरवेळी भट्टीतून वेडेवाकडे निघाले होते. ती भिंतीपेक्षा काठच जास्त ओढायची, पातळपणा दिसावा म्हणून. मग तिने नाद सोडला आणि खपणारे जाड मग करू लागली. बुटकीने नाद सोडला नाही. हेवा प्रदर्शनाचा नव्हताच. या एवढ्याशा जाडीचा होता. तो इतका नेमका सापडल्यावर राग आणखी वाढला, पण आता निदान त्याला बसायला जागा मिळाली.

तिने नवं पान घेतलं. पहिल्या वाक्यात दोन चाकं, दुसऱ्यात स्वतःचे वाकडे वाडगे. तिसरं वाक्य असं होतं: 'मला हिच्या काठांचा हेवा वाटतो.' पुढे 'पण' घातला नाही, माफी मागितली नाही, हेव्याचा पुन्हा उल्लेखही केला नाही. बाकीचं सगळं पान काठाबद्दल लिहिलं. तो कसा ओढतात, कुठे हात थांबवावा लागतो, थांबणं किती अवघड असतं. ते अवघड आहे हे तिच्याइतकं कोण सांगणार होतं? 'नशीब' हा शब्द आपोआप गळाला, त्याला आता काही काम उरलं नव्हतं.

पान पाठवल्यावर संध्याकाळी बुटकीचा फोन आला. प्रदर्शनवाल्यांना तिसरं वाक्य खटकत होतं. 'कौतुक वाटतं' असं करू का, म्हणून ते विचारत होते.

"ते वाक्य काढलं तर माझं पानच काढ."

"मी तेच सांगितलंय त्यांना." बुटकी म्हणाली. "काठाचं तुला कधी कळलं?"

"आज. आणि तुला इतकी वर्षं माहीत होतं, तर बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"मी मेले तरी विचारलं नसतं."

"ते माहीत होतं मला. म्हणून तर घाबरून गप्प बसले."

मातीवालीने बादलीत पाहिलं. राग तसाच होता, हेवाही होता. बादलीतल्या मगाने आता आकार सोडला होता.

"उद्या सकाळी ये," ती शेवटी म्हणाली. "काठ दाखव. आणि शिकवल्यासारखं बोलू नकोस, नाहीतर बादली डोक्यावर ओतीन."