उलटं बोट

झटकेमामांना करंट लागत नाही, असं त्यांच्या ओळखीतला जो तो सांगायचा आणि मामा ते कधी खोडून काढायचे नाहीत. आता करंट काय, सगळ्यांनाच लागतो. मामांनाही लागायचा, फक्त ते ओरडायचे नाहीत. तरुणपणी एका पिठाच्या गिरणीत त्यांना असा दणका बसला की शिडीवरून थेट खाली आले. लोक धावले, तर हा माणूस कपडे झटकत उठला आणि म्हणाला, "चहा सांगितला का?" झालं, तिथेच बारसं झालं. खरं नाव उरलं ते वायरमनच्या परवान्यावर.

बोर्ड उघडायचा, मेन स्विच पाडायचा आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची पाठ तारेच्या टोकाला लावून बघायची, ही मामांची पद्धत. पाठच का? तर करंट असला की हात आखडतो. तळव्यानं तार धरली असेल तर मूठ वळते आणि तारच घट्ट धरून बसते. बोटाची पाठ असेल तर हात मागे ओढला जातो. हे मामांना त्यांच्या उस्तादानं शिकवलं, त्यांना त्यांच्या उस्तादानं. टेस्टर खिशात असायचाच, पण तो काढावा लागतो. बोट काय, हाताला चिकटलेलंच.

मामा आयुष्यभर दाजींच्या हाताखाली राबले. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स त्यांच्या नावावर, सुपरवायझरचं प्रमाणपत्रही त्यांचंच. काम मामांनी करायचं, मग दाजींनी येऊन मेगर लावायचा, तारांच्या आवरणातून करंट झिरपतो का ते मोजायचं, अर्थिंग तपासायचं आणि मगच टेस्ट रिपोर्टवर सही ठोकायची. त्या सहीशिवाय वीज कंपनी मीटर जोडत नाही. दाजी तसे खडूस, पण न मोजता सही केली, असं त्यांच्या हातून कधी झालं नाही.

मग दाजींचे गुडघे बोलायला लागले. लेक दुसऱ्या गावी, तो म्हणाला इकडे या. एके दिवशी दुकानात वायरचं बंडल बाजूला सारून दाजी म्हणाले, "मी चाललो. तुझं काय ते बघ."

"माझं काय बघायचं? दुकान आहे, गिऱ्हाइकं आहेत. मी चालवतो."

"दुकान चालवशील रे, लायसन्स कसं चालवशील? ते काय घर आहे, मेहुण्याच्या नावावर करून द्यायला? तुझ्याकडे वायरमनचा परवाना आहे. म्हणजे कोणाच्या तरी हाताखाली तारा ओढायच्या. स्वतःच्या नावानं काम घ्यायचं तर आधी सुपरवायझरची परीक्षा दे. मी अनुभवाचा दाखला देतो, तो खराच आहे. पास झालास की मेगर, अर्थ टेस्टर सगळं माझ्याकडून घे, तपासून आणून त्यांचा दाखला अर्जाला जोड."

"या वयात परीक्षा?"

"मग या वयात कोणाचा तरी हरकाम्या हो."

ते वाक्य मामांना झोंबलं. त्यातच ओळखीच्या एका डॉक्टरीणबाई नवा प्रसूतिगृहाचा दवाखाना बांधत होत्या. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "मामा, वायरिंग तुम्हीच करायचं, तुमच्या नावानं. तुमचा निकाल लागेपर्यंत मी थांबते." मामांच्या जन्मात त्यांच्या नावानं कोणी कधी थांबलं नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात दुकानाच्या पाटीवरची अक्षरंही ठरवून टाकली.

लेखी परीक्षेची तयारी मामींनी करून घेतली. पोळ्या लाटता लाटता प्रश्न विचारायच्या आणि उत्तर चुकलं की लाटणं तसंच हवेत धरून बसायच्या. "अर्थची तार कुठल्या रंगाची?" "हिरवी." "मग आपल्या माळ्यावर काळी का ओढली आहे?" "ते तेव्हाचं आहे गं." लेखी निघाली. मामांनी पेढ्यांचं मनावर घेतलं, पण मामी म्हणाल्या, प्रॅक्टिकल होऊ दे, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

प्रॅक्टिकल म्हणजे मामांचं माहेरच. एका तंत्रशाळेच्या वर्कशॉपमध्ये लाकडी फळ्यांवर वितरणाचे बोर्ड लावले होते. परीक्षक होत्या एक निरीक्षक बाई, चष्मा कपाळावर, आवाज शांत. म्हणाल्या, "हा बोर्ड कामासाठी सुरक्षित करा, मग इन्सुलेशन मोजून दाखवा. करताना बोलत जा."

मामा बोलत बोलत करू लागले. मेन पाडला. त्याला कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली, 'काम चालू आहे' ची पाटी अडकवली. बाजूच्या चालू सॉकेटवर टेस्टर लावून तो शाबूत असल्याचं दाखवलं. बाई मान डोलवत लिहीत होत्या. मामांनी बोर्डाचं झाकण काढलं, खाली ठेवलं आणि टेस्टर डाव्या हातात तसाच असताना उजव्या हाताचं मधलं बोट उलटं होऊन तारा जोडलेल्या टर्मिनलवरून फिरून आलं.

लिहिणं थांबलं.

"हे काय केलंत?"

मामांना खरंच कळेना. "काय केलं?"

"हात लावलात."

"बंद आहे ना बाई. कुलूप मीच लावलंय."

"बंद आहे हे टेस्टरनं ठरवायचं. तुम्ही ठरवायच्या आधीच हात लावला. या बोर्डाला इन्व्हर्टरकडून मागून पुरवठा येत असता तर? तुमच्या कुलपाला तो विचारून आला असता का?"

"सवय आहे हो. पण मला काही होत नाही."

हे शेवटचं बोलायला नको होतं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या हळूच बोलल्या, "तुम्हाला परवाना फक्त तारा जोडायला मिळणार नाही. तुम्ही सही केलीत की दुसरा माणूस त्या बोर्डात हात घालणार. तुमच्या हाताखालची पोरं तुमचं बघून करणार. त्यांना होतं. बाकीचं काम चोख आहे, पण इथे चुकलं की मला पुढचं बघता येत नाही. पुढच्या वेळी या." आणि त्यांनी पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

मामांनी झाकण परत बसवलं. चारही स्क्रू नीट आवळले, जणू काही पास झालेल्याचं काम होतं. वर्कशॉपच्या बाहेर नळावर हात धुतले. धुण्यासारखं काही नव्हतं, पण ते बोट त्यांना खिशात घालावंसं वाटेना. आयुष्यभर ज्याच्या जोरावर छाती पुढे काढून चाललो त्यानंच घात केला, आणि दोष द्यायचा तर कोणाला द्यायचा? बाईंची चूक काढावी म्हणून त्यांनी वाटभर डोकं लढवलं. सापडली नाही.

दाजींना सांगितलं तर ते पाय चोळत बसले. मग म्हणाले, "डॉक्टरीणबाईंचं काम सोडू नकोस. माझं लायसन्स अजून चालू आहे. मी जायच्या आधी कोऱ्या टेस्ट रिपोर्टवर सह्या करून ठेवतो. तू मोजून आकडे भर. तुझ्यावर माझा विश्वास आहे."

दाजींच्या तोंडून हे निघावं, म्हणजे माया किती असेल बघा. आणि माया चुकीच्या दाराला घेऊन जाते ती अशी. मामा म्हणाले, "उद्या सांगतो." पण मनातून त्यांनी हो म्हटलं होतं. पाटीवर नाव नसेल तर नसेल, काम तर आपलंच असेल. कोणाला कळणार आहे?

घरी आले तेव्हा मामी न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या. निकालाचं त्यांना तोंडावरूनच कळलं. त्यांनी विषय काढला नाही, दुसरंच काहीतरी सांगायचं म्हणून म्हणाल्या, "गीझर परत चिमटे काढतोय. आज जरा जास्तच."

"परत म्हणजे?"

"अधूनमधून काढतो की. मी बघते ना रोज, पाणी घ्यायच्या आधी." आणि मामींनी हात वर केला, मधलं बोट दुमडलं आणि त्याची पाठ गीझरच्या पत्र्याकडे नेली. अगदी मामांसारखी. कोपराचा बाकसुद्धा तोच. त्यांचे पाय ओल्या फरशीवर होते.

"हात लावू नकोस."

मामा एवढ्या जोरात बोलले की मामी जागीच थिजल्या. लग्नापासून मामांचा आवाज असा चढलेला त्यांनी ऐकला नव्हता. "अहो, उलटाच लावत होते. तुम्हीच तर लावता."

"कोणी सांगितलं तुला असं बघायला?"

"सांगायला कशाला हवं? बघते ना मी."

मामा दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. गावभर दुसऱ्यांच्या घरी अर्थिंग लावत हिंडलेल्या माणसाच्या न्हाणीघरात अर्थची तार कधीच सुटली होती, आणि त्याची बायको रोज सकाळी ओल्या पायांनी त्याची नक्कल करत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण हा अंधार मामांनी स्वतः लावला होता. त्यांना भीती वाटली. गिरणीत पडले तेव्हा वाटली नव्हती तेवढी वाटली, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलंही नाही.

त्यांनी दाजींना फोन लावला. "दाजी, सह्या नकोत. डॉक्टरीणबाईंना मी सांगतो, दुसरा लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टर बघा म्हणून. त्यानं घेतलं तर त्याच्या हाताखाली तारा ओढीन." मग दाजी म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

मग मामांनी गीझरचा एमसीबी पाडला, त्यावर चिकटपट्टी लावली, मामींना कोरडी चप्पल घालायला लावली. म्हणाले, "नीट बघ. आधी स्वयंपाकघरातल्या चालू सॉकेटवर टेस्टर लावायचा. पेटला, म्हणजे टेस्टर चांगला आहे. मग गीझरवर लावायचा. मग पुन्हा सॉकेटवर, मधल्या वेळात तोच मेला नाही ना ते बघायला. तोपर्यंत हात लावायचा नाही. कोणीच नाही."

"कळलं," मामी म्हणाल्या.

सॉकेटवर टेस्टर पेटला. मामांनी येऊन गीझरचं झाकण उघडलं. आत अर्थची तार सुटून लोंबत होती. त्यांनी डाव्या हातातला टेस्टर पुढे केला आणि त्याच वेळी उजवा हात आपसूक वर निघाला, मधलं बोट दुमडून.

मामींनी मनगट धरलं. मामांनी एकदा त्या हाताकडे बघितलं, मग डाव्या हातातला टेस्टर त्यांच्याकडे दिला आणि कुठे लावायचा ते तोंडानं सांगितलं. मामींनी एका हातानं त्यांचं मनगट धरून दुसऱ्या हातानं टर्मिनल तपासलं, मग तसंच त्यांना ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि सॉकेटवर टेस्टर पुन्हा पेटेपर्यंत सोडलं नाही.