दोनदा फिरवलेला काळ

श्रीनिवास पाटणकर चंदीगडच्या एका कॉलेजात बावीस वर्षं एम.एस्सी.ला क्वांटम मेकॅनिक्स शिकवत होते. मूळचे साताऱ्याचे. बोलणं तिखट, आणि चुकीच्या उत्तरावर तर जीभ अशी सुटायची की मुलं मागच्या बाकांसाठी भांडत. पण त्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, मार्चच्या शेवटी त्यांची बायको सरोज गेली आणि माणूस गप्पच झाला. रडले नाहीत. सुट्टी घेतली ती मोजकी. लोक म्हणाले, सर सावरले. सावरले कुठले! आत काही हलतच नव्हतं, आणि हलत नाही याचंही त्यांना काही वाटत नव्हतं.

जूनमध्ये मधुरिमा शिंदे उत्तरपत्रिका घेऊन त्यांच्या खोलीत आली. वडील सैन्यात, मुलगी छावण्यांतून वाढलेली; मराठी सगळं कळायचं, उत्तर अर्धं हिंदीत यायचं. दोन गुणांनी ती नापास झाली होती. महिन्याभरात वडिलांची बदली जोरहाटला व्हायची होती आणि तिला पुण्यात पीएच.डी.साठी मिळालेली जागा या निकालावर अडली होती. निकाल फिरला नाही तर वर्ष हातचं जाणार होतं.

"सर, सातवा प्रश्न. दहापैकी शून्य दिलाय."

प्रश्न साधाच होता. स्प्रिंगला बांधलेल्या कणासारखा दोलक, सुरुवातीला सरासरी स्थान मध्यापासून a इतकं दूर, सरासरी वेग शून्य. पाव आवर्तनानंतर सरासरी स्थान कुठे? मधुरिमाने लिहिलं होतं शून्य. सरांच्या आदर्श उत्तरात होतं उणे a, म्हणजे पार पलीकडचं टोक.

"उत्तर उणे a आहे," ते म्हणाले. आवाजात धार नव्हती.

"पण सर, झूला पाव चक्करमध्ये बीच में आता है. आणि मैंने हायझेनबर्ग पिक्चर लिया. स्टेट को हाथ भी नहीं लगाया, सिर्फ पोझिशनचा ऑपरेटर चलाया."

त्यांनी वही पुढे ओढली. हे ते झोपेतही सांगत. सरासरी काढताना मधे ऑपरेटर असतो, म्हणजे आपण काय मोजतोय ते. आणि दोन्ही बाजूंना अवस्था, म्हणजे स्टेट. काळाचा परिणाम या तिघांच्या मधल्या दोन फटींत येऊन बसतो. तो अवस्थांना चिकटवला की अवस्था बदलत जाते आणि ऑपरेटर जागचा हलत नाही. तोच ऑपरेटरला चिकटवला की अवस्था पहिल्या दिवशी होती तशीच राहते आणि बदलतो तो ऑपरेटर; हेच मधुरिमाचं हायझेनबर्ग पिक्चर. गुणाकार तोच, कंस फक्त वेगळीकडे पडतो. म्हणून सरासरी तीच येते, यायलाच हवी. अट एकच. काळ एकदाच लावायचा, इकडे किंवा तिकडे.

मग त्यांनी स्वतःचं आदर्श उत्तर काढलं. पहिल्या सहा ओळींत अवस्था पाव आवर्तन पुढे नेली होती. सातव्या ओळीपासून त्याच पुढे नेलेल्या अवस्थेत पुढे नेलेला ऑपरेटर घातला होता. काळ दोनदा फिरला होता. पाव आवर्तनाचं अर्धं झालं होतं आणि कण पलीकडच्या टोकाला जाऊन बसला होता. हीच चूक करणाऱ्या पोरांना त्यांनी बावीस वर्षं वर्गात उभं करून सोललं होतं.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक माझी."

मधुरिमा रडायलाच लागली. त्यांना तिच्यासाठी बरं वाटायला हवं होतं, निदान स्वतःची लाज तरी. दोन्हींतलं काहीच आलं नाही.

विभागप्रमुख ग्रेवाल त्यांचे जुने दोस्त. त्यांनी दार लावून घेतलं. "पाटणकर जी, लडकी को ग्रेस दे देते हैं. बात खतम. बाईस साल की इज्जत है यार, कागज पर क्यों लाना?"

"और ग्यारह बच्चों ने ज़ीरो लिखा है. सबके पेपर दोबारा जाँचने होंगे," पाटणकर म्हणाले.

ग्रेवालांनी अर्ज पुढे सरकवला. निकाल दुरुस्तीचा छापील कागद होता. प्रश्न क्रमांक, जुनं उत्तर, नवं उत्तर, हे त्यांनी सरळ अक्षरात भरलं. खाली रकाना होता, चुकीचं कारण. इथे पेन थांबलं.

एप्रिलमध्ये घरी आदर्श उत्तराची सहावी ओळ लिहून झाली तेव्हा बाहेरून हाक आली होती. साताऱ्याहून आलेली माणसं परत निघाली होती. ते उठले, सगळ्यांना गेटपर्यंत पोचवलं, सरोजची वहिनी गळ्यात पडून रडली, तिला त्यांनी सांगितलं, उशीर होतोय, गाडी चुकेल. मग टेबलाशी येऊन सातवी ओळ लिहिली, मधे काही घडलंच नसल्यासारखी.

ग्रेवाल म्हणाले, "लिख दो, क्लेरिकल मिस्टेक."

पाटणकरांनी इंग्रजीत लिहिलं: हे उत्तर लिहिलं त्या दिवशी माझ्या पत्नीचं तेरावं होतं. 'माझी पत्नी वारली' हे त्यांनी तोवर कुठेही लिहिलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नव्हतं. लोकच एकमेकांना सांगत होते. सही करायला गेले तर स्वतःचं नाव जमेना. ग्रेवालांनी कागद त्यांच्या हाताखालून हळूच काढून घेतला, कारण शाई भिजून पसरत होती.